झोपेची ओळ: ०.९५ की १? ऊर्जाखर्चाच्या शीटच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आहारतज्ज्ञांसाठी दिवसभराच्या ऊर्जाखर्चाची नवी शीट करायला घेतली. पद्धत जुनीच आहे. चोवीस तास कामांमध्ये वाटायचे, प्रत्येक कामापुढे एक गुणक लिहायचा आणि त्या गुणकाने ताशी बीएमआरला, म्हणजे मूलभूत चयापचय दराला, गुणायचे. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या संयुक्त अहवालात हीच रीत आहे.

अडकलो पहिल्याच ओळीवर. त्या अहवालात झोपेचा गुणक १ धरलेला आहे, म्हणजे झोपलेला माणूस बरोबर बीएमआरएवढीच ऊर्जा जाळतो असे गृहीत. व्यायाम-शरीरशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या शारीरिक हालचालींच्या संकलनात मात्र झोपेला ०.९५ दिले आहे. मॅडमनी विचारलं, “यातला कुठला घेणार, आणि का?” हा प्रश्न नीट सोडवल्याशिवाय पुढच्या ओळींना हात लावायचा नाही असे ठरले. झोप ही दिवसातल्या सर्वांत लांब ओळींपैकी एक असते. तिथला गुणक नुसता कुणाच्या तरी सवयीवर सोडणे मला पटत नाही.

७ ऑगस्ट

झोपेची तुलना “विश्रांती”शी करायची, पण विश्रांती म्हणजे नेमकी कोणती हे आधी ठरवायला हवे. आज पायऱ्या लावून घेतल्या.

सर्वांत खाली झोप. तिच्या किंचित वर बीएमआर. त्याच्या अटी कडक आहेत: रात्रभर पोट रिकामे, सकाळची वेळ, माणूस पूर्ण जागा पण आडवा आणि निश्चल, खोली ना गार ना गरम, मनावर ताण नाही. यातली एखादी अट सैल झाली, समजा माणूस चालत प्रयोगशाळेत आला आणि थोडा वेळ पडून राहिल्यावर मोजमाप घेतले, तर जो आकडा मिळतो त्याला विश्रांतीचा दर म्हणतात. तो बीएमआरपेक्षा थोडा जास्त येतो. त्याच्याही वर स्वस्थ बसणे. आपण रोज “काही करत नव्हतो, नुसता बसलो होतो” म्हणतो ती अवस्था. टीव्ही पाहणे, गप्पा मारणे अशा हलक्या फावल्या वेळाला अहवालातच १.४ गुणक आहे.

म्हणजे “झोपेत किती कमी जळते?” याला एकच उत्तर नाही. निश्चल, उपाशी, जाग्या माणसाशी तुलना केली तर फरक सुमारे पाच टक्के. सोफ्यावर बसून गप्पा मारणाऱ्याशी केली तर तीस टक्क्यांच्या पुढे. दोन लेखांत दोन वेगळे आकडे दिसले की लोक गोंधळतात. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात, फक्त शेजारी ठेवलेली विश्रांती वेगळी असते.

१२ ऑगस्ट

उदाहरण निश्चित केले: २५ वर्षांची, ५५ किलो वजनाची, दुकानात काउंटरवर बसून काम करणारी स्त्री. बीएमआरसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे जुने समीकरण घेतले. १८ ते ३० वयाच्या स्त्रियांसाठी ते असे आहे:

```
BMR = 14.0 × वजन + 471
    = 14.0 × 55 + 471 = 1241 kcal/दिवस
```

तासाला साधारण ५१.७ किलोकॅलरी.

दिवसाची वाटणी संयुक्त अहवालातल्या बैठ्या जीवनशैलीच्या नमुन्यावरून जशीच्या तशी उचलली. आठ तास झोप (१), एक तास अंघोळ-कपडे वगैरे (२.३), एक तास जेवण (१.५), एक तास स्वयंपाक (२.१), आठ तास बैठे काम (१.५), एक तास घरकाम (२.८), एक तास गाडीने जाणे-येणे (२), एक तास चालणे (३.२), दोन तास हलका फावला वेळ (१.४). तास गुणिले गुणक यांची बेरीज ३६.७ येते. २४ ने भागल्यावर १.५३.

शीटमधले सूत्र एवढेच:

```
=SUMPRODUCT(B2:B10,C2:C10)*H1/24
```

`B` मध्ये तास, `C` मध्ये गुणक, `H1` मध्ये बीएमआर. एकूण येते १८९८ किलोकॅलरी. आता फक्त झोपेच्या ओळीत १ च्या जागी ०.९५ टाकले. बेरीज ३६.३ झाली आणि एकूण १८७७. फरक २१ किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास.

दिवसाचा एक तृतीयांश वेळ झोपेत जातो, पण खर्चातला तिचा वाटा त्याहून बराच कमी, जवळपास एक पंचमांश: १८७७ पैकी ३९३. शेतात राबणाऱ्या बाईचा हाच हिशेब केला तर झोपेचा आकडा तोच राहील आणि वाटा आणखी घसरेल, कारण वाढते ती फक्त जागेपणीची बेरीज.

आज आणखी एक गोष्ट करून पाहिली. बीएमआरसाठी भारतीय समीकरणाऐवजी जगभर वापरले जाणारे शोफिल्डचे समीकरण टाकले. त्याने बीएमआर १३०२ येतो, पाचेक टक्क्यांनी जास्त. झोपेचा फरकही पाचच टक्क्यांचा होता. पण तो आठ तासांपुरता होता, आणि हा चोवीस तासांच्या प्रत्येक ओळीत गुणला जातो. एकूण १९९० वर गेले. २१ च्या तुलनेत ९३ किलोकॅलरींची उडी. झोपेच्या गुणकावर वाद घालताना पायाभूत समीकरण कोणते हे न पाहणे म्हणजे चुकीच्या ठिकाणी काटेकोर राहणे. शीटमध्ये समीकरणाचे नाव `H1` च्या शेजारीच दिसले पाहिजे, ही अट आज लिहून ठेवली.

१९ ऑगस्ट

“पाच टक्के कमी” म्हणणे सोपे आहे. ते मोजायचे म्हटले की काय लागते ते आज कागदावर मांडून पाहिले.

श्वासाच्या मोजमापात माणसाच्या डोक्यावर पारदर्शक हूड ठेवतात आणि पंपाने त्यातून ठरावीक वेगाने हवा ओढतात. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के. बाहेर येणाऱ्या हवेत तो किती घटला आणि कार्बन डायऑक्साइड किती वाढला यावरून वीयर यांचे १९४९ सालचे सूत्र लावतात. लिटर प्रति मिनिट घातले की किलोकॅलरी प्रति मिनिट मिळतात:

```
EE = 3.941 × VO2 + 1.106 × VCO2
```

आपल्या ५५ किलोच्या बाईसाठी बीएमआरशी जुळणारे मापन कसे दिसेल? ऑक्सिजन ०.१७८ आणि कार्बन डायऑक्साइड ०.१४८ लिटर धरला तर मिनिटाला ०.८६५ किलोकॅलरी, दिवसाला सुमारे १२४६. झोपेत तेच ०.१६९ आणि ०.१४० झाले तर ०.८२१. गुणोत्तर ०.९५.

आता हवा मिनिटाला ३० लिटर ओढली जाते असे धरा. जागेपणी हूडमधून निघणाऱ्या हवेत ऑक्सिजन साधारण ०.५९ टक्क्यांनी घटलेला असेल, झोपेत ०.५६ टक्क्यांनी. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो परिणाम यंत्राच्या पडद्यावर ०.०३ टक्क्यांचा आहे. रात्रभरात ऑक्सिजनचा विश्लेषक एवढा सरकला, तर झोपेने ऊर्जा वाचवली की यंत्राने, हे सांगता येणार नाही.

असे सरकणे ओळखायचे कसे? ठरावीक अंतराने यंत्राला बाहेरची हवा दाखवायची. ती पुन्हा २०.९३ वाचायला हवी. दुसरी खूण श्वसनांकात सापडते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड भागिले ऑक्सिजन. वरच्या दोन्ही मापनांत तो ०.८३ च्या आसपास आहे. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाचा श्वसनांक अचानक ०.९५ वर चढला किंवा ०.७ च्या खाली गेला, तर शरीराकडे बोट दाखवण्याआधी हूडची कड, नळी आणि विश्लेषक तपासावेत.

डोक्यावर हूड घेऊन रात्रभर शांत झोप लागणे अवघड, म्हणून झोपेची चांगली मोजमापे संपूर्ण खोलीच्या कॅलरीमापकात होतात. तिथे माणूस पलंगावर मोकळा झोपतो. पण खोलीत हजारो लिटर हवा असते आणि ती सावकाश बदलते. कूस बदलल्यामुळे झालेला खर्च त्या हवेत मिसळून पुढच्या कित्येक मिनिटांवर पसरतो. रात्रभराची सरासरी भरवशाची मिळते, मिनिटामिनिटाचा आलेख मात्र गणिताने सावरून घ्यावा लागतो. घड्याळाच्या ॲपमध्ये झोपेच्या प्रत्येक टप्प्यापुढे दिसणाऱ्या कॅलरी पाहताना हे लक्षात ठेवायला हवे. मनगटावरचे घड्याळ श्वास मोजत नाही. ते वजन, वय, नाडी आणि हालचाल यांवरून अंदाज बांधते.

२८ ऑगस्ट

खोलीतल्या मोजमापांवरून रात्रीचा आकार समजून घेतला. खर्च रात्रभर सपाट नसतो.

झोप लागली तरी रात्रीचे जेवण पचत असते. पचनाचा आणि शोषणाचा खर्च खाल्लेल्या ऊर्जेच्या साधारण दहावा हिस्सा असतो आणि तो काही तास चालतो. त्यामुळे साडेनऊला जेवून साडेदहाला आडव्या झालेल्या माणसाच्या रात्रीचा पहिला भाग खालच्या पातळीला पोचतच नाही. पुढे पचन ओसरते, शरीराचे आतले तापमान उतरते, स्नायूंचा ताण सैल पडतो, नाडी मंदावते आणि खर्च उतरत जातो. उत्तररात्री तळ गाठतो आणि जाग येण्याच्या सुमारास पुन्हा चढू लागतो.

मला सर्वांत नवल वाटले ते मेंदूचे. विश्रांतीतल्या खर्चाचा सुमारे पाचवा भाग एकट्या मेंदूचा असतो. गाढ झोपेत मेंदूचा ग्लुकोजचा वापर लक्षणीय घटतो आणि स्वप्नांच्या झोपेत तो जागेपणाइतका परत वर येतो. तरी संपूर्ण शरीराच्या खर्चात दोन टप्प्यांमधला फरक थोडाच दिसतो, कारण यकृत, हृदय, मूत्रपिंडे यांचे काम दोन्ही टप्प्यांत चालूच असते.

यातून शीटसाठी महत्त्वाची गोष्ट निघाली. “झोपेचा दर” काढताना काही संशोधक अंथरुणात गेल्यापासून उठेपर्यंतची पूर्ण रात्र घेतात, काही फक्त सर्वांत शांत असे सलग तीन तास. पहिल्या आकड्यात जेवणाचा उरलेला परिणाम आणि मधली जागेपणाची मिनिटे येतात, दुसऱ्यात जवळपास निव्वळ तळ. दुसरा साहजिकच कमी भरतो. गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्त्री-पुरुषांच्या पूर्ण रात्रीचा खर्च बीएमआरशी ताडून पाहिला, आणि तो बीएमआरच्या ०.९५ पट आला. आपल्या शीटमधले आठ तास हे अंथरुणातले पूर्ण आठ तास आहेत. म्हणून त्यांच्यापुढे पूर्ण रात्रीचाच गुणक लागतो. तीन तासांच्या तळावरून काढलेला गुणक आठ तासांना लावला तर झोप आहे त्यापेक्षा स्वस्त दिसेल.

३ सप्टेंबर

एका दवाखान्यातली जुनी शीट नमुन्यासाठी आली. तिच्यात वर बीएमआर १२४१ होता, त्याखाली प्रत्येक कामाचा बीएमआरच्या वरचा जादा खर्च, आणि शेवटी “झोप: +३९३”. एकूण २२९१.

इथे झोप दोनदा मोजली गेली आहे. बीएमआरचे १२४१ हे चोवीस तासांचे आहेत, झोपेचे आठ तास त्यातच आले. आपल्या उदाहरणात जागेपणीच्या सोळा तासांचा जादा खर्च ६५७ येतो. १२४१ अधिक ६५७ म्हणजे १८९८, बारा ऑगस्टला आले तेच. या रीतीने मांडणी करायची असेल तर झोपेच्या ओळीत यायला हवे उणे २१. झोप दिवसाच्या बेरजेत बीएमआरवर काही भर घालत नाही, उलट त्यातून थोडे काढून घेते.

सहकारी म्हणाला, “पण लोकांना झोपेत किती जळतं ते बघायचं असतं, उणे आकडा बघून गोंधळतील.” म्हणून दोन स्तंभ करणार. एकात झोपेतला पूर्ण खर्च, ३९३, फक्त माहितीसाठी. दुसऱ्यात बीएमआरच्या तुलनेत फरक, उणे २१. बेरीज एकाच स्तंभाची करायची.

अशी दुहेरी मोजणी पकडायची सोपी तपासणी आहे: एकूण खर्चाला बीएमआरने भागायचे. २२९१ भागिले १२४१ म्हणजे १.८५. संयुक्त अहवालात बैठ्या आणि हलक्या जीवनशैलीची पट्टी १.४० ते १.६९ आहे, तिच्या वरची सक्रिय लोकांची. दिवसभर काउंटरवर बसणारी बाई सक्रिय गटात दिसू लागली तर कुठली तरी ओळ दोनदा आली आहे. ही तपासणी शीटच्या तळाशी बसवली. चारशे किलोकॅलरींची चूक रोजच्या आहारसल्ल्यात गेली तर वजन कमी करायला आलेल्या बाईला आपण एका जेवणाएवढे जास्त खायला सांगतो. ही गोष्ट मला गंभीर वाटते.

११ सप्टेंबर

मॅडमच्या सांगण्यावरून उलटा प्रश्न घेतला: झोपलोच नाही तर किती जास्त जळते?

याचे चांगले उत्तर कोलोरॅडो विद्यापीठात मिळाले आहे. युंग, राइट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सात निरोगी तरुण कॅलरीमापक खोलीत पलंगावरच राहिले. आधी नेहमीची रात्रीची झोप, मग जागरण, मग भरपाईची झोप. खाणे ठरलेले, हालचाल जवळपास नाही. जागरणाच्या चोवीस तासांत खर्च सुमारे सात टक्क्यांनी, म्हणजे १३४ किलोकॅलरींनी वाढला.

आपल्या शीटमध्ये झोप आणि बीएमआर यांत २१ चाच फरक आहे, मग १३४ कुठून आले? उत्तर सात ऑगस्टच्या पायऱ्यांत आहे. रात्रभर जागा राहणारा माणूस बीएमआरच्या कडक अटींत नसतो. तो उठून बसतो, बोलतो, हातपाय हलवतो, झोप आवरायला धडपडतो. शीटमध्ये झोपेचे आठ तास १.४ च्या फावल्या वेळाने बदलले तर फरक १८६ येतो. पलंगावर राहून जागलेल्या माणसाचे १३४ हे २१ आणि १८६ यांच्या मधे पडतात, आणि तिथेच ते पडायला हवेत.

हा आकडा वाचून कुणी जागरणाने वजन उतरेल अशी आशा धरू नये. त्याच गटाचा २०१३ चा अभ्यास आहे, मार्कवाल्ड पहिल्या लेखक. पाच दिवस रात्री पाचच तास झोप दिली आणि खाण्याला मोकळीक ठेवली. खर्च सुमारे पाच टक्क्यांनी वाढला, पण लोकांनी त्याहून जास्त खाल्ले आणि वजन सरासरी ०.८२ किलोने वाढले. शीटमध्ये “जागरण” ही निवड द्यायची नाही, असे ठरले.

१८ सप्टेंबर

रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी शीट वापरायची तर दिवसाच्या झोपेला हाच गुणक चालेल का, असे एका आहारतज्ज्ञ ताईंनी विचारले.

झोपेचा परिणाम आणि घड्याळाचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रात्री त्या एकत्र येतात. झिटिंग, डफी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्या वेगळ्या करून दाखवल्या. लोकांना बाहेरची वेळ कळणार नाही अशा खोल्यांत ठेवून झोपण्या-उठण्याच्या वेळा रोज सरकवत नेल्या, म्हणजे शरीराचे आतले घड्याळ आपल्या गतीने चालू राहते. जागेपणी स्वस्थ असतानाचा खर्च शरीराच्या उत्तररात्री सर्वांत कमी आणि त्यानंतर साधारण बारा तासांनी, म्हणजे दुपार-संध्याकाळी, सुमारे दहा टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे माणूस जागा असला तरी खर्चाचा तळ घड्याळाप्रमाणे येतो.

तेव्हा रात्री मोजलेल्या ०.९५ मध्ये घड्याळाचाही वाटा मिसळलेला आहे. दुपारी झोपलेल्या परिचारिकेला तो वाटा तसाच मिळेल असे मानायला आधार नाही. अशा व्यक्तींसाठी झोपेचा गुणक १ ठेवायचा ठरवले. आठ तासांत फरक २१ किलोकॅलरींचा, म्हणून यावर आणखी बारकावे चढवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पाळीच्या रात्री चालणे, उभे राहणे, रुग्ण उचलणे यांचे तास नीट विचारून घेणे कितीतरी जास्त कामाचे. तिथे एका तासाचा गुणक १.५ वरून २.२ झाला तरी ३६ किलोकॅलरी हलतात.

२५ सप्टेंबर

शीटची पहिली आवृत्ती पाठवली. रात्रीच्या झोपेला ०.९५, दिवसाच्या झोपेला १. बीएमआरचे समीकरण आणि त्याचे नाव शेजारी. तासांची बेरीज २४ नसेल तर एकूण आकडा दिसतच नाही, तिथे “तास तपासा” असे येते. तळाशी एकूण भागिले बीएमआर.

एक जागा मुद्दाम कुलूपबंद ठेवली. कुणाकडे हूडवर मोजलेला विश्रांतीचा दर असेल तर तो `H1` मध्ये सरळ टाकता येत नाही. आधी मोजमाप कधी झाले, शेवटचे खाणे किती तासांपूर्वीचे आणि माणूस आडवा होता की बसलेला, ही तीन उत्तरे द्यावी लागतात. दुपारी, जेवणानंतर दोन तासांनी, खुर्चीत बसून घेतलेल्या आकड्याला ०.९५ लावला तर झोपेच्या आठ तासांवर जेवण आणि खुर्ची दोन्ही चढतात. अशा मापनासाठी शीट समीकरणाचाच बीएमआर वापरते आणि मोजलेला आकडा शेजारी नुसता दाखवते.

पुढचे काम ३० ते ६० वयाच्या स्त्रियांचे समीकरण (८.३ गुणिले वजन, अधिक ७८८) जोडण्याचे. सोमवारी ताईंच्या दवाखान्यातल्या दोन जुन्या नोंदी त्यावर चालवून पाहायच्या आहेत.